लग्न १२ डिसेंबरला, तर नवी ट्यूब ३१ ऑक्टोबरपर्यंतच

फोंड्यात आमच्या फार्मसीत तुळशीचं लग्न झालं की एक ठरलेलं गिऱ्हाईक सुरू होतं. आई आणि मुलगी, किंवा एकटाच संकोचलेला मुलगा. हातात मोबाईल, त्यावर कुठल्याशा सीरमचा फोटो. "आठ दिवसांवर लग्न आलंय, काहीतरी स्ट्राँग द्या." मी देत नाही. कधी कधी ते रागावून पुढच्या दुकानात जातात.

दोन वर्षांपूर्वी अशीच एक मुलगी आली, लग्नाला तीन दिवस उरलेले असताना. तिने घरी करायचा ॲसिडचा पील ऑनलाइन मागवून रात्री लावला होता. लिहिलं होतं दहा मिनिटं, हिने ठेवला पंचवीस, म्हणजे जास्त गुण येईल. दोन्ही गालांवर रुपयाएवढे तपकिरी, कडक झालेले पट्टे होते आणि कडेने पापुद्रे सुटत होते. मेकअपवालीने जाड थर देऊन ते झाकले, पण कोरड्या पापुद्र्यावर फाउंडेशन बसत नाही, ते उचकटतं. ते डाग जायला पुढचा शिगमो उजाडला. म्हणून लग्नाच्या तीन महिने आधीपासून तोंडाची काळजी कशी घ्यायची, हे जे मी काउंटरवर दोन मिनिटांत सांगू शकत नाही ते इथे सविस्तर लिहिते. मी फार्मसिस्ट आहे, त्वचेची डॉक्टर नव्हे. डॉक्टरकडे कधी जायचं तेही सांगेन.

तीनच महिने का

तरुण माणसाच्या त्वचेचा वरचा थर खालून नवा होऊन यायला साधारण चार आठवडे लागतात, वय वाढलं की त्याहून जास्त. मुरुमांवरचं चांगलं औषधसुद्धा खरा गुण आठ ते बारा आठवड्यांनी दाखवतं. म्हणजे महिनाभर आधी सुरू केलेली ट्यूब लग्नाच्या दिवशी अर्ध्या वाटेवर असते, आणि ही अर्धी वाट बऱ्याचदा सगळ्यात वाईट दिसणारी असते.

दुसरं कारण आपल्या रंगाचं. सावळ्या-गव्हाळ त्वचेला कुठेही जळजळ, खाज, ओरखडा झाला की ती जागा बरी होते पण काळी पडते. लाली चार दिवसांत जाते, काळा डाग काही महिने राहतो. गोऱ्या त्वचेसाठी बनवलेले व्हिडिओ बघून आपल्याकडे प्रयोग केले जातात तेव्हा नेमकं हेच विसरलं जातं.

आणि ॲलर्जी. एखादी गोष्ट सोसत नाही हे लावल्या लावल्या कळतं असं नाही. बऱ्याचदा दोन-तीन दिवसांनी खाज सुटते, आणि पहिल्यांदाच अंगाला लागलेल्या पदार्थाचं तर दहा-पंधरा दिवसांनीही उमटू शकतं. मी हिशेब असा धरते: नवी वस्तू आपला खरा स्वभाव दाखवायला दोन आठवडे घेते, आणि ती बिघडली तर निस्तरायला किमान चार. म्हणून शेवटच्या सहा आठवड्यांत तोंडावर नवं काही नाही. हा माझा नियम, पुस्तकातला नव्हे, पण तो मोडलेला पाहिला की पुन्हा पटतो.

गेल्या साली माझ्या भाचीचं लग्न १२ डिसेंबरला होतं. बारा आठवडे मागे मोजले तर १९ सप्टेंबर, सहा आठवडे मागे मोजले तर ३१ ऑक्टोबर. या दोन तारखा तिने कॅलेंडरवर लाल पेनाने गोल केल्या. तुमच्या तारखेवरून तुम्हीही आधी हेच करा. भाचीचं वय २७, त्वचा तेलकट, हनुवटीवर आणि जबड्यावर मुरुमं, गालावर जुने डाग. रोज फोंडा ते पणजी स्कूटरने. नवरा मुलगा म्हापशाचा, तोंडावर वरवर पाहता काहीच नाही. गंमत म्हणजे खरा प्रश्न त्याच्याच घरात निघाला.

पहिला आठवडा: नवं काही आणू नका, घरातलं तपासा

दोघांना सांगितलं, तोंडाला जे जे लावता ते सगळं एका पिशवीत घालून घेऊन या. भाचीच्या पिशवीतून अकरा वस्तू निघाल्या: तीन फेसवॉश, अक्रोडाच्या कवचाचा स्क्रब, दोन सीरम, मैत्रिणीने दिलेलं कोरियन काहीतरी. जावयाच्या पिशवीत साबण, आफ्टरशेव्ह आणि अर्धी संपलेली एक छोटी ट्यूब.

"ही कसली रे?"

"मावशी, ती गोरं व्हायची. न्हाव्याने सांगितली. रात्री लावतो, छान राहतं तोंड. नाही लावली तर लाल होतं."

हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचली, त्यात मोमेटासोन होतं. म्हणजे स्टेरॉइड. अशी मलमं एक्झिमासारख्या आजारांवर डॉक्टर थोडे दिवस देतात, तिथे ती उत्तमच. पण रोज तोंडाला लावली की त्वचा पातळ होते, बारीक लाल शिरा दिसू लागतात, पुरळ येतं, नको तिथे केस वाढतात. पहिले काही आठवडे तोंड उजळ आणि गुळगुळीत दिसतं, त्यामुळे माणूस सोडत नाही. आणि सोडलं की उसळून लाल होतं, म्हणून पुन्हा लावतो. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा बऱ्याच मलमांची चिठ्ठीशिवाय विक्री बंद केली, तरी ती हातोहात फिरत असतात.

तुमच्या घरातल्या प्रत्येक ट्यूबवर ही नावं शोधा: बिटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन. बहुतेकांच्या शेवटी 'सोन', 'सोल' किंवा 'लोन' येतं. गोव्याच्या दमट हवेत जांघेत गजकर्ण झालं की लोक जी मिश्र ट्यूब आणतात, तिच्यातही बहुधा यांपैकी एक असतं. खाज दोन दिवसांत थांबते आणि बुरशी आत सुखाने पसरत राहते. त्यावर नुसतं बुरशीचं औषध लागतं आणि ते आठवडेच्या आठवडे, चट्टा दिसेनासा झाल्यावरही, लावावं लागतं. नवऱ्यामुलाने तो विषय लाजेने लपवू नये, लग्नानंतर तो दोघांचा होतो.

अशी ट्यूब महिनोन्‌महिने लावत असाल तर मनाने एका रात्रीत बंद करू नका आणि चालूही ठेवू नका. त्याच आठवड्यात त्वचेच्या डॉक्टरला ती ट्यूबच नेऊन दाखवा. बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात त्वचा विभाग आहे, खाजगी डॉक्टरही आहेत. जावयाला डॉक्टरांनी ती टप्प्याटप्प्याने सोडवायला लावली. पहिले तीन आठवडे त्याचं तोंड टोमॅटोसारखं लाल होतं आणि त्याची आई मला फोन करून विचारत होती की तुम्ही मुलाचं काय केलंत. सहाव्या-सातव्या आठवड्यात लाली उतरू लागली. ही गोष्ट नोव्हेंबरमध्ये सापडली असती तर तो मांडवात लाल तोंडाने उभा राहिला असता. बारा आठवड्यांची खरी गरज मला त्याच्यामुळे पटली.

भाचीच्या अकरा वस्तूंपैकी एक साधा फेसवॉश ठेवला. बाकीच्या आईच्या कपाटात, कुलपात. स्क्रब मात्र केराच्या टोपलीत गेला.

पहिले दोन आठवडे: तीनच वस्तू

फेसवॉश, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन. दोन आठवडे दुसरं काही नाही. हे कंटाळवाणं वाटतं, पण औषध सुरू करायच्या आधी त्वचा शांत असली की पुढचा निम्मा त्रास टळतो, आणि पुढे काही बिघडलं तर कशाने बिघडलं ते कळतं.

फेसवॉश दिवसातून दोनदा, सकाळी आणि घरी आल्यावर. धुतल्यावर तोंड ताणल्यासारखं, कुरकुरीत वाटलं तर तो फेसवॉश तुमचा नव्हे. आपल्याकडे घाम इतका येतो की मॉइश्चरायझर कशाला, असं सगळे विचारतात. घाम म्हणजे ओलावा नव्हे. पुढे औषध सुरू झाल्यावर ते लागणारच आहे. तेलकट त्वचेला जेलसारखं पातळ, वास नसलेलं घ्या.

सनस्क्रीन एसपीएफ ३० किंवा ५०. दोघांत फरक लोकांना वाटतो तेवढा नाही. नीट जाड लावली तर ३० वाली त्वचा भाजवणारे सुमारे ९७ टक्के किरण अडवते आणि ५० वाली ९८. खरा फरक पडतो तो किती लावता त्याने. तर्जनी आणि मधलं बोट, त्यांच्यावर मुळापासून टोकापर्यंत एकेक रेघ काढायची, तेवढी तोंड आणि गळ्याला. पहिल्यांदा इतकी घेतली की भाची म्हणाली, "मावशी, ही तर आठवड्याची झाली." पावसाळा संपून ऑक्टोबरचं ऊन सुरू होतं तेव्हा स्कूटरवरच्या माणसाला ती हवीच, नाहीतर जुने डाग औषधाने फिके करायचे आणि उन्हाने पुन्हा काळे, असा खेळ चालतो. हेल्मेटची काच ऊन पूर्ण थांबवत नाही. हातांनाही लावा. मेंदीचे फोटो जवळून काढतात आणि मनगटापाशी काळ्या-गोऱ्याची सीमारेषा दिसते.

तिसऱ्या आठवड्यापासून: औषध एकच

मुरुमं आणि डाग दोन्ही असतील तर डॉक्टर बहुधा ॲडापलीन जेल ०.१ टक्के देतात. भाचीला तेच दिलं, चिठ्ठीने. मासिक पाळी अनियमित असेल, जबड्यावर राठ केस येत असतील, तर डॉक्टरना ते आवर्जून सांगा, तिथे मामला आतल्या संप्रेरकांचा असू शकतो आणि नुसत्या जेलने भागत नाही. आणखी एक, घाई करून लगेच मूल हवं असेल तर तेही सांगा. या जातीची औषधं गरोदरपणात टाळतात. त्याच घराण्यातल्या तोंडाने घ्यायच्या गोळ्या, आयसोट्रेटिनॉइन, यांनी बाळाला गंभीर व्यंग येऊ शकतं. लग्नाच्या उंबरठ्यावर या गोळ्या कोणी मैत्रिणीच्या चिठ्ठीवर घेऊ नयेत. गरोदरपणात चालेल असं काही हवं असेल तर ॲझेलाइक ॲसिडबद्दल डॉक्टरना विचारा.

आधी चाचणी. कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर आठवडाभर रोज थोडं लावायचं. ही चाचणी तीन वस्तूंच्या पंधरवड्यातच उरकते, वेगळा वेळ जात नाही. थोडी कोरड चालते, पण खाजरे फोड आले तर थांबायचं.

मग तोंडाला. पूर्ण तोंडासाठी एका वाटाण्याएवढं जेल, त्याहून जास्त नाही. मुरुमावर ठिपका ठिपका लावू नका. हे औषध उगवलेल्या मुरुमासाठी नसून न उगवलेल्यासाठी आहे, म्हणून ते सगळ्या भागावर पातळ पसरतं. तोंड धुऊन पंधरा-वीस मिनिटं पूर्ण कोरडं होऊ द्या, ओल्या त्वचेवर ते जास्त झोंबतं. नाकपुड्यांच्या कडा, ओठांचे कोपरे, डोळ्यांच्या पापण्या सोडा. तिथे आधी थोडं पेट्रोलियम जेली लावलं की औषध घरंगळून जात नाही. वरून मॉइश्चरायझर. पहिले दोन आठवडे आठवड्यातून दोनच रात्री, भाचीने सोमवार आणि गुरुवार धरले. पुढचे दोन आठवडे तीन रात्री, मग एक रात्र सोडून एक. रोज लावलंच पाहिजे असं नाही.

तिने ३ ऑक्टोबरला सुरुवात केली. तिसऱ्या आठवड्यात रात्री साडेदहाला फोन आला, रडवेल्या आवाजात. हनुवटीवर आधी होती त्याहून जास्त मुरुमं. मी फोटो मागितले. सगळी जुन्याच जागी, लहान, पिवळसर टोकाची, दोन-चार दिवसांत सुकणारी. हे अपेक्षित असतं. आत दडलेली भराभर वर येतात आणि दुसऱ्यापासून सहाव्या आठवड्यापर्यंत तोंड आधीपेक्षा वाईट दिसू शकतं. आता हाच आठवडा लग्नाचा असता तर काय झालं असतं याचा विचार करा.

पण प्रत्येक बिघाड असा निरुपद्रवी नसतो, आणि ओळख सोपी आहे. जिथे कधीच मुरुम येत नव्हतं अशा जागी, म्हणजे पापण्या, मान, कानामागे, पुरळ आलं, खाज सुटली, सूज आली, साधं पाणी लावलं तरी भगभगतं, तर ते औषध सोसत नाही. बंद करा, फेसवॉशही दोन दिवस कमी करा, नुसतं मॉइश्चरायझर लावा आणि डॉक्टरना दाखवा. भाचीच्या तोंडावर यातलं काही नव्हतं, म्हणून तिला सांगितलं, चालू ठेव आणि आरशापासून लांब राहा. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात नवी मुरुमं यायची थांबली.

याच काळात एक आपल्याकडचा अपघात होतो. दिवाळी. आदल्या रात्री नरकासुराच्या मिरवणुकीत धूर आणि घाम, आणि पहाटे अभ्यंगाला आई खरखरीत उटणं घेऊन बसते. अंगाला खुशाल लावा. पण ॲडापलीन लावत असलेल्या तोंडाला उटणं घासलं तर सालं निघतात. कारीट फोडून त्याचं बी जिभेला लावतात तेवढ्यावर तोंडाचा विधी संपवायचा, असं मी बहिणीला बजावून ठेवलं होतं.

दुसरा अपघात पार्लरमध्ये. हे औषध चालू असताना वॅक्सने वरच्या ओठाचे केस काढले तर केसांबरोबर कातडीही निघते, आणि तिथे मिशीसारखा काळा पट्टा उमटतो. वॅक्सिंगच्या आधी किमान आठवडाभर औषध बंद, आणि पार्लरवालीला स्पष्ट सांगा. आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घेत असाल तर वॅक्स नाहीच, गोळ्या थांबल्यावरही सहा महिने नाही. थ्रेडिंगलाही ॲडापलीन चार-पाच दिवस आधी थांबवलेलं बरं.

३१ ऑक्टोबर: दार बंद

या तारखेपर्यंत जे तोंडाला लागलेलं नाही ते आता लग्नानंतर. नवं सीरम नाही, नवा फेसवॉश नाही, 'ब्राइडल पॅकेज'मधलं कधी न केलेलं फेशियल नाही. पार्लरची पॅकेजं फेशियल, ब्लीच, पॉलिशिंग असं जोडून येतात आणि पैसे आगाऊ भरलेले असतात, त्यामुळे नाही म्हणणं जड जातं. तेवढेच पैसे मालिशला किंवा पायाच्या पेडिक्युअरला वळवा, बहुतेक पार्लर ऐकतात. डॉक्टरकडून पील करून घेत असाल तर शेवटचा पील लग्नाच्या किमान चार आठवडे आधी. लेझरने केस काढायचे तर तीन महिने मुळात अपुरे, कारण दोन बैठकांत महिना-दीड महिना जातो आणि बैठका बऱ्याच लागतात. अर्धवट होईल हे मान्य असेल तरच त्या वाटेला जा.

दार बंद करण्याचा अर्थ औषध बंद असा नाही. चालू असलेलं, सोसलेलं, तसंच चालू.

शेवटचे सहा आठवडे: रंगीत तालीम

लग्नाच्या दोन दिवसांत तोंडावर किती नव्या गोष्टी येतात ते मोजलंत? हळद, मेकअप, चिकटवायच्या टिकल्यांचा गोंद, केसांचा स्प्रे, मुंडावळ्या आणि हारांतली फुलं, नवऱ्याला केसांचा रंग. या टाळता येत नाहीत, म्हणून त्यांची तालीम आधी घ्यायची.

मेकअपची ट्रायल नोव्हेंबरच्या मध्याला घ्या आणि तो पूर्ण दिवस अंगावर ठेवा, तासाभरात धुऊ नका. देवळाच्या हॉलमध्ये मुहूर्त सकाळचा असला तरी जेवणावळ, फोटो धरून मेकअप सात-आठ तास राहतो. त्यानंतर तीन दिवस तोंड बघा. पापण्या खाजल्या तर चिकट पापण्यांचा गोंद बदलायला सांगता येतो, अजून वेळ असतो. मेकअपवालीचे ब्रश आणि स्पंज धुतलेले आहेत का हेही त्याच दिवशी दिसतं. मला विचाराल तर ते फाउंडेशनच्या ब्रँडपेक्षा महत्त्वाचं.

मेंदीत 'काळी', 'तासाभरात रंगणारी' कोन नको. अस्सल मेंदी कधीच काळी रंगत नाही. काळा रंग येतो तो बऱ्याचदा केसांच्या रंगातल्या पीपीडी नावाच्या रसायनाने, आणि त्याने हातावर नक्षीच्याच आकाराचे फोड येतात. तेच रसायन नवऱ्याच्या केसांच्या आणि दाढीच्या रंगात असतं. पाकिटावर ४८ तास आधी चाचणी घ्या असं लिहिलेलं असतं, ते खरंच करा, आधी दहा वेळा लावला असला तरी. ही ॲलर्जी अकराव्या वेळीही सुरू होते.

आणि हळद. यावर घरोघरी वाद होतो, म्हणून थोडं थांबते. हळद वाईट नव्हे. पण बाजारातल्या सुट्या पुडीत रंग मिसळलेला असू शकतो, लिंबू पिळलेलं असतं, आणि ते मिश्रण खोबरेल तेलात कालवलेलं असतं. खोबरेल मुरुमाच्या तोंडाला मानवत नाही, छिद्रं बुजतात. लिंबू अंगावर असताना ऊन लागलं तर भाजल्यासारखे चट्टे उठतात, आणि हळद बहुधा उघड्या अंगणातच लागते. बहिणीचं म्हणणं, "परसातली हळद आहे, पातोळ्यांना पानं काढतो तीच, तिने काय होणार?" परसातली म्हणून भेसळ टळली, ॲलर्जी टळत नाही. आम्ही तोडगा असा काढला. घरची हळद, लिंबू नाही, तेलाऐवजी दूध. २५ नोव्हेंबरला तेच मिश्रण भाचीच्या कानामागे आणि कोपरात लावून अर्धा तास ठेवलं, तीन दिवस वाट पाहिली. काही झालं नाही. जावयाकडेही तसंच केलं आणि त्याला मात्र मानेवर लाल गांधी उठल्या, स्टेरॉइड सुटून त्याची त्वचा अजून हळवीच होती. त्याच्या आईने मग स्वतःच ठरवलं की तोंडाला नुसती बोटं टेकवायची, बाकी हळद हातापायांना. सासूने ठरवलं म्हणजे प्रश्न मिटला.

शेवटचे दहा दिवस

भाचीने ४ डिसेंबरच्या रात्री ॲडापलीन शेवटचं लावलं. आठवडाभर थांबल्याने कमावलेलं काही जात नाही, पण हळद आणि मेकअपच्या वेळी त्वचा सोलवटलेली नसते. फेसवॉश, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, एवढंच, म्हणजे पहिल्या पंधरवड्यासारखं. थ्रेडिंग ९ तारखेला, नेहमीच्याच बाईकडे. आदल्या दिवशी केलं तर लाल ठिपके राहतात. नवऱ्याने दाढी करायची असेल तर नेहमीच्याच रेझरच्या नव्या पात्याने, आंघोळीनंतर केस मऊ असताना, केसांच्या दिशेने. लग्नाच्या सकाळी अनोळखी सलूनमध्ये उलट्या हाताने घासून घेतलेली दाढी मानेवर दुपारपर्यंत पुरळ उठवते. स्टेरॉइड सोडलेल्या तोंडाला आफ्टरशेव्हही नको, आपल्या जावयाने ते कधीच देऊन टाकलं होतं.

आणि तरीही एक मुरुम येणारच, असं धरून चाला. भाचीला ७ डिसेंबरला आलं, उजव्या गालावर, खोल आणि दुखरं. अशा वेळी टूथपेस्ट, लिंबू, लसूण यांतलं काही नाही, आणि दाबायचं तर मुळीच नाही. दाबलेलं मुरुम खपली धरतं, आणि खपलीवर मेकअप बसत नाही. न दाबलेला उंचवटा मात्र रंगाने झाकता येतो. फार मोठं असेल तर त्वचेचे डॉक्टर त्यात अगदी थोडं स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात, एक-दोन-तीन दिवसांत ते बसतं. कधी कधी त्या जागी खळगा पडतो, म्हणून ते डॉक्टरच्याच हाताने आणि शेवटच्या क्षणी नव्हे, चार-पाच दिवस आधी. मुरुमांना लावायचा पारदर्शक चिकट पॅच मिळतो, तोही चालतो, पण ३१ ऑक्टोबरच्या आधी एकदा वापरून पाहिलेला असेल तरच. आम्ही पाहिला होता. तिने तो रात्री लावला, दिवसा बर्फाचा खडा रुमालात गुंडाळून दोन-दोन मिनिटं.

११ तारखेला हळद झाली. अर्ध्या तासाने मी तिला न्हाणीघरात बसवलं. हळदीचा पिवळा रंग साबणाने घासला की त्वचा लाल होते आणि पिवळा तसाच राहतो, तो तेलात विरघळतो. म्हणून कापसावर तिच्या नेहमीच्या मेकअप काढायच्या तेलाचे चार थेंब घेऊन हलक्या हाताने पुसलं, मग फेसवॉश, मग मॉइश्चरायझर. कानामागे आणि केसांच्या कडेला थोडा पिवळा राहिला, तो राहू दिला.

उजव्या गालावर उंचवटा होता, बोट फिरवलं तर लागत होता. दुसऱ्या दिवशी मेकअपवालीने तिला खुर्चीत बसवलं, दिवा जवळ आणला आणि विचारलं, "तोंडाला काय काय लावलंय कालपासून?"

"काही नाही," भाची म्हणाली.

"बरं झालं," म्हणत तिने ब्रश उचलला.